विकतचे फॉलोअर्स आणि लाइक-कमेंट ग्रुप: बिघडलेलं खातं कोणत्या क्रमाने सावरायचं

विकत घेतलेले फॉलोअर्स काढायचं ठरलं, की बहुतेक जण त्याच रात्री यादी उघडून एकेक नाव काढायला बसतात. दोनशे नावं काढून झोपतात आणि सकाळी बघतात तर आकडा जिथल्या तिथे. कारण विकणाऱ्याने 'रिफिल'ची हमी दिलेली असते. जेवढे गळतील तेवढे तो आपोआप भरतो. नळ चालू ठेवून टाकी उपसायचा हा प्रकार. म्हणून या लेखात काय करायचं यापेक्षा आधी काय आणि नंतर काय, यावर जास्त भर आहे.

मी पुण्यातल्या छोट्या घरगुती व्यवसायांची इन्स्टाग्राम खाती सांभाळते. उदाहरण एकच घेते, म्हणजे धागा सुटणार नाही. कर्वेनगरमधल्या एक ताई उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या करून देतात. नाव सांगत नाही आणि आकडे गोल केले आहेत. त्यांची डिलिव्हरी कर्वेनगर, कोथरूड, वारजे, एरंडवणे एवढीच. त्यापलीकडे मोदक गरम पोचत नाहीत. खरे फॉलोअर्स होते 640. गणपतीच्या तोंडावर कोणीतरी सांगितलं, "ताई, पाच हजार तरी दिसायला हवेत, नाहीतर लोक विश्वास कसा ठेवणार?" ताईंनी 5,000 फॉलोअर्स विकत घेतले आणि 'एकमेकींना सपोर्ट' करणाऱ्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपमध्येही नाव घातलं. पुढच्या तीन संकष्ट्यांना इन्स्टाग्रामवरून आलेल्या ऑर्डरी होत्या 2, 3 आणि 2.

## आधी हे समजून घ्या: बिघडतं नेमकं काय

विकतचे फॉलोअर्स दोन जातींचे असतात. पहिली जात निव्वळ निर्जीव खात्यांची. ती कोणी उघडतच नाही. ती तुमची पोस्ट बघत नाहीत, म्हणून थेट नुकसानही कमी करतात, फक्त आकडा फुगवतात. दुसरी जात अर्धवट जिवंत. 'फॉलो करा, कॉइन मिळवा' अशा ॲपमधून आलेली माणसं, किंवा ज्यांचं खातं त्यांच्या नकळत कोणीतरी वापरतंय अशी माणसं. यांना तुमची रील दिसते, ते ती पुढे ढकलतात आणि तिथे घोटाळा होतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलं होतं की पोस्ट किती लोकांपर्यंत न्यायची हे ठरवताना तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन असतं: लोक किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात. पोस्ट जितक्यांनी पाहिली त्यांच्या प्रमाणात हे मोजलं जातं. म्हणजे बघून सरकवणारे वाढले की प्रमाण खाली जातं.

दुसरं नुकसान खिशाला लागतं, आणि ते लक्षात यायला वेळ लागतो. पोस्ट बूस्ट करताना इन्स्टाग्राम एक तयार पर्याय देतं: तुमच्या फॉलोअर्ससारखे लोक आम्हीच शोधतो. ताईंच्या 5,640 फॉलोअर्समध्ये खरे साधारण नवात एक. मग 'फॉलोअर्ससारखे लोक' म्हणजे कोण? ताईंनी 1,500 रुपये घातले, लाइक धो धो आले, आणि चौकशी करणारा एकही जण पुण्यातला निघाला नाही.

तिसरं म्हणजे आकडेवारी आंधळी होते. माझी गिऱ्हाइकं कुठल्या भागातली, मोबाइल कधी हातात घेतात, कुठली रील त्यांना आवडली, हे तुम्ही ज्यातून शिकता त्यातच भेसळ झालेली असते.

आता लाइक-कमेंट ग्रुप. इथली माणसं खरी असतात, म्हणून लोकांना हा मार्ग निर्दोष वाटतो. पण बघा काय होतं. ताईंच्या मोदकांवर रोज कोण कमेंट करतंय? नाशिकची रांगोळीवाली, नागपूरची दागिनेवाली, ठाण्याची मेकअपवाली. रील पूर्ण बघायची नाही, लाइक द्यायचा, 'खूप छान 👌' लिहायचं आणि पुढच्या लिंकवर जायचं. इन्स्टाग्रामला तुमच्या पोस्टमध्ये रस असलेले लोक म्हणून हीच मंडळी दिसतात आणि ते यांच्यासारखेच आणखी लोक शोधतं. कोथरूडच्या ज्या काकूंना संकष्टीला मोदक हवे आहेत त्या या चित्रात कुठेच नाहीत.

वेळेचा हिशोबही मांडून बघा. दोन ग्रुप मिळून दिवसाला साधारण 30 लिंका. एकीला दीड मिनिट धरलं तरी 45 मिनिटं. तेवढ्या वेळात ताईंचे 21 मोदक वळून होतात.

## पायरी 1: नळ बंद करा (एकाच बैठकीत, याच क्रमाने)

सर्वांत आधी विकणाऱ्याला लिहून कळवा की रिफिल बंद करा, पुढे काही पाठवू नका. पैसे परत मागायच्या वादात पडू नका. त्याच्याकडे तुमच्या खात्याची लिंक आहे, आणि चिडून त्याने आणखी दोन हजार सोडले तर ते तुम्हालाच निस्तरावे लागतील.

मग पासवर्ड. आधी खात्याला जोडलेल्या ईमेलचा बदला, नंतर इन्स्टाग्रामचा. उलट केलं आणि ईमेलच दुसऱ्याच्या हातात असेल, तर नवा पासवर्ड तो पुन्हा बदलू शकतो. त्यानंतर `Accounts Center` मधल्या `Password and security` मध्ये जा. `Where you're logged in` उघडून ओळखीचे नसलेले सगळे मोबाइल आणि संगणक बाहेर काढा. तिथेच `Two-factor authentication` चालू करा. शेवटी सेटिंग्जमध्ये `Apps and websites` शोधा आणि 'फ्री फॉलोअर्स', 'ऑटो लाइक' असलं जे काही जोडलेलं असेल ते काढून टाका. मेनूच्या जागा बदलत असतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत हेच शब्द टाइप करा.

ग्रुप सोडताना भांडण नको. बायका एकमेकींना खरोखर मदत करायला आलेल्या असतात, आणि पुण्यात उद्या कुठल्या प्रदर्शनात शेजारचा स्टॉल कोणाचा असेल सांगता येत नाही. ताईंनी एवढंच लिहिलं: "मी लाइक-कमेंटच्या साखळीतून बाहेर पडते आहे, खात्याला त्रास होतोय. डबे, पॅकिंग, डिलिव्हरीवाले याबद्दल कधीही विचारा, मी आहे." पॅकिंगचे डबे स्वस्त कुठे मिळतात हे सांगणारा ग्रुप जरूर ठेवा. रोजची सक्तीची कमेंट तेवढी सोडा.

तपासा: पुढचे सात दिवस सकाळी दोन आकडे वहीत लिहा, फॉलोअर्स आणि फॉलोइंग. फॉलोअर्स आपोआप वाढत असतील तर रिफिल अजून चालू आहे. फॉलोइंगचा आकडा तुम्ही काही न करता वाढत असेल तर प्रकरण जास्त गंभीर आहे. तुमचं खातंच कोणीतरी दुसऱ्यांना फॉलो करायला वापरतंय. पासवर्ड आणि जोडलेली ॲप्स पुन्हा बघा. दोन्ही आकडे स्थिर झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

सावधान: कोणी म्हणेल, खातं थोडे दिवस प्रायव्हेट करा. व्यावसायिक खातं प्रायव्हेट होत नाही. त्यासाठी ते आधी वैयक्तिक करावं लागतं आणि तसं केलं की जुनी आकडेवारी जाते. पुढे तीच लागणार आहे.

## पायरी 2: आजचं चित्र लिहून ठेवा

सेटिंग्जमध्ये `Account Status` उघडा. तुमची कुठली पोस्ट काढली गेली का, आणि तुमच्या पोस्ट फॉलो न करणाऱ्यांना सुचवल्या जातात की नाही, हे तिथे कळतं. सगळं हिरवं असेल तर उत्तम. काही अडलं असेल तर कारण वाचा, आणि ते चुकीचं वाटलं तर तिथूनच पुनर्विचाराची मागणी करा. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर 2018 मध्येच जाहीर केलं होतं की बाहेरच्या ॲपमधून मिळवलेले खोटे लाइक, फॉलो आणि कमेंट ते काढून टाकणार. त्यामुळे अशी सूचना आली तर घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही.

मग आकडेवारीत फॉलोअर्सची शहरं बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. ताईंच्या यादीत पुणे तिसऱ्या क्रमांकावर होतं. आणि ज्याला सगळे विसरतात ते: मागच्या तीन संकष्ट्यांना इन्स्टाग्रामवरून किती ऑर्डरी आल्या, कुठल्या भागातून, हे आठवून लिहा. पुढचं सगळं मोजमाप याच आकड्यावर होणार आहे.

## पायरी 3: खोटे कोण ते ठरवा

इथे घाई केली की खरं गिऱ्हाईक जातं. माझ्या हातून एकदा गेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खोटं खातं ओळखायच्या सगळीकडे सांगितल्या जाणाऱ्या खुणा अशा: फोटो नाही, एकही पोस्ट नाही, नाव विचित्र. आता आपल्या कोथरूडच्या काकूंचं खातं डोळ्यासमोर आणा. डीपीला गणपती किंवा जास्वंदीचं फूल. पोस्ट शून्य. खातं प्रायव्हेट. नावापुढे चार आकडे, कारण भाच्याने घाईत उघडून दिलेलं. सगळ्या खुणा जुळतात, आणि दर अंगारकीला 21 मोदक मागवणाऱ्या त्याच असतात! म्हणून फोटो आणि पोस्ट सोडा, त्या किती जणांना फॉलो करतात ते बघा. काकू शंभर-दीडशे लोकांना फॉलो करतात. विकतचं खातं हजारोंना करतं. इन्स्टाग्रामची मर्यादा 7,500 आहे आणि असली खाती बऱ्याचदा तिच्या आसपास घुटमळताना दिसतात.

पण पाच हजार खाती एकेक उघडून बघणार कधी? त्यावर उपाय तारखेचा आहे. `Accounts Center` मधून स्वतःची माहिती उतरवून घेता येते. `Export your information` निवडा, त्यातला फॉलोअर्सचाच भाग घ्या आणि तारखांच्या जागी `All time` निवडायला विसरू नका. नाहीतर अलीकडच्या काही काळातलीच नावं येतात आणि यादी अर्धवट असल्याचं कळतही नाही. थोड्या वेळाने फाइल मिळते. तिच्यात इथे जा:

```
connections/followers_and_following/followers_1.html
```

यात प्रत्येक फॉलोअरच्या नावाखाली त्याने कधी फॉलो केलं ती तारीख असते. ताईंच्या यादीत एरवी दिवसाला एक-दोन नावं होती आणि गणपतीच्या आधीच्या चार दिवसांत हजारो. त्या चार तारखांच्या आधीचे सगळे 640 जण मी हात न लावता बाजूला ठेवले. चार दिवसांतले तेवढे संशयित. एका झटक्यात काम निम्म्याहून हलकं झालं.

तपासा: संशयितांची यादी पक्की करण्याआधी तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं तिच्यात एकदा शोधा. गणपतीच्या आधीच्या चार दिवसांत खरी माणसंही आलेली असू शकतात. ताईंच्या यादीत अशा अकरा जणी निघाल्या.

## पायरी 4: काढा, पण हळूहळू

फॉलोअर्सच्या यादीत नाव शोधा आणि `Remove` दाबा. समोरच्याला काही कळत नाही. ब्लॉक करायची गरज नाही.

वेग महत्त्वाचा. एका बैठकीत शेकडो नावं काढली की `Try Again Later` असा संदेश येतो आणि मग काही काळ काहीच करता येत नाही, गिऱ्हाइकांच्या कमेंटला उत्तर देणंही कधी अडतं. किती काढले की अडतं याचा आकडा इन्स्टाग्राम सांगत नाही. मी सकाळी 50 आणि रात्री 50 यापुढे जात नाही. संदेश आलाच तर दोन दिवस पूर्ण थांबायचं, मग निम्म्या वेगाने सुरू करायचं.

दिवसाला 100 म्हणजे ताईंना 3,800 काढायला 38 दिवस लागले. 700 च्या आसपास या काळात आपोआप गळले. उरलेल्या पाचशेंबद्दल खात्री नव्हती, ते तसेच ठेवले. आकडा 1,140 वर आला. शंभर टक्के साफसफाईच्या मागे लागू नका. पुण्याचा वाटा वर आला की पुरे. ताईंच्या यादीत 38 दिवसांनी पुणे पहिल्या क्रमांकावर होतं.

सावधान: 'एका क्लिकमध्ये सगळे फेक फॉलोअर्स काढा' म्हणणारी ॲप्स वापरू नका. तीही तुमचा पासवर्ड मागतात आणि तुमच्या वतीने यंत्राच्या वेगाने क्लिक करतात. ज्या खड्ड्यातून बाहेर आलो तोच खड्डा, दुसऱ्या बाजूने.

नवीन खातं उघडलं तर? खरे फॉलोअर्स शंभराच्या आत असतील आणि डब्यांवर, कार्डावर कुठे नाव छापलेलं नसेल, तर तो मार्ग सोपा आहे. ताईंच्या डब्यांवरचे स्टिकर दोन वर्षांपासून घरोघरच्या फ्रिजवर चिकटलेले होते, म्हणून आम्ही जुनंच सावरलं.

## पायरी 5: पाटी नीट लावा

साफसफाई चालू असतानाच हे करून घ्या. प्रोफाइलमध्ये दोन नावं असतात. एक खात्याचं, दुसरं त्याखाली ठळक दिसणारं. हे दुसरं शोधात वापरलं जातं आणि बहुतेक जण तिथे नुसतं ब्रँडचं नाव लिहून जागा वाया घालवतात. ताईंनी लिहिलं: `उकडीचे मोदक Ukadiche Modak Karvenagar Pune`. लोक बोलतात मराठीत पण शोधताना रोमन अक्षरं टाइप करतात, म्हणून दोन्ही. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं. आधी कागदावर ठरवा.

खालच्या 150 अक्षरांत 'प्रेमाने बनवलेले' वगैरे नको. पोचवता कुठे, किती आधी सांगायचं, किमान किती नग. पुणेरी पाटी जितकी मोजकी असते तितकं मोजकं, फक्त अपमान वगळून.

आणि लिंक. व्हॉट्सॲपची लिंक अशी बनवा की संदेशात तो कुठून आला हे आपोआप लिहिलेलं येईल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Modak%20order%20(Instagram)
```

X च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य, मधल्या रेघा काही नको. दुसऱ्याच्या मोबाइलवरून लिंक दाबून बघा. स्वतःच्या फोनवरून ती नीट चालते की नाही हे कळत नाही.

## पायरी 6: ज्यांनी खाल्लंय त्यांच्यापासून सुरुवात

फॉलोअर्स हवेतच, तर ते आधीच तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये आहेत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गिऱ्हाइकांना भागानुसार लेबल लावा: कोथरूड, वारजे, एरंडवणे. ब्रॉडकास्ट यादी करता येते, एका यादीत 256 जण. पण एक मेख आहे. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून डब्यासोबत चिठ्ठी द्या: "नंबर सेव्ह करून ठेवा, दर संकष्टीच्या पाच दिवस आधी आठवण करू."

नैवेद्याच्या ताटाचा फोटो मागा. असा फोटो कोणी स्टोरीत टाकून तुम्हाला टॅग केला की तो तुमच्या स्टोरीत घ्या. केळीच्या पानावर, तुपाची धार सोडलेल्या मोदकाचा, मागे कोणाच्या तरी देव्हाऱ्याचा थोडा कोपरा दिसणारा फोटो ग्रुपमधल्या 50 'खूप छान'च्या तोडीचा नाही, त्याहून कितीतरी वजनदार आहे. तो बघणाऱ्या माणसाची वहिनी, शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण तुमच्याच डिलिव्हरीच्या टापूत राहते.

गूगलवरही व्यवसाय नोंदवा. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देता ते भाग दाखवता येतात. गिऱ्हाइकांना अभिप्राय जरूर मागा. पण त्याबदल्यात सूट किंवा दोन मोदक जास्त देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. विकतचे फॉलोअर्स सोडून विकतच्या अभिप्रायांकडे वळणारे मी पाहिले आहेत.

नेहमीची चूक: 'फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, 11 मोदक जिंका' अशी स्पर्धा. येणाऱ्यांमध्ये फुकटाच्या मागे फिरणारे जास्त, आणि निकाल लागला की बरेचसे जातात. करायचीच असेल तर ज्यांनी मागच्या महिन्यात ऑर्डर दिली त्यांच्यातच करा.

## पायरी 7: संकष्टीच्या पंचांगावर पोस्ट लावा

रोज पोस्ट टाकायचा हट्ट सोडा. मोदकांना गिऱ्हाईक महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी येतं, तर त्या दिवसाभोवती काम करा.

पाच दिवस आधी साधी सूचना: संकष्टी कधी, ऑर्डर कधीपर्यंत, किती नग शिल्लक. तीन दिवस आधी एक रील. आदल्या दिवशी दुपारी ऑर्डर बंद झाल्याची स्टोरी. हे जरूर टाका. 'संपले' हे वाचून पुढच्या वेळी लोक लवकर सांगतात. संकष्टीच्या संध्याकाळी डबे भरतानाची स्टोरी आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचे फोटो.

सगळी मेहनत त्या एका रीलवर घ्या. ती कशी असावी? कोणीतरी कोणाला तरी पाठवेल अशी. ताईंची सर्वांत चाललेली रील 20 सेकंदांची होती. गाणं नाही, चेहरा नाही. फक्त हात. पारीच्या कडेला चिमटीने पाकळ्या पाडत जायच्या आणि शेवटी सगळ्या एकत्र घेऊन टोक वळायचं. वर दोन ओळी: 'चंद्रोदयाच्या आधी गरम पोचतात. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, एरंडवणे.' ही रील लोकांनी घरच्या ग्रुपवर टाकली. एकीने ताईंना स्क्रीनशॉट पाठवला, त्यात सासूबाईंनी सुनेला विचारलं होतं, "अगं, या वेळी यांच्याकडून मागवायचे का?" पाठवण्याला वजन असतं असं मघाशी म्हटलं ते हेच.

पोस्टला ठिकाण लावताना नुसतं 'पुणे' लावू नका, 'कोथरूड' लावा. शिवाय दोन खात्यांवर एकच पोस्ट दिसेल असा सहयोगाचा पर्याय असतो. तो मोदकवाल्यांनी मोदकवाल्यांशी वापरून उपयोग नाही. आपल्याच भागातलं पूजासाहित्याचं दुकान बघा, त्यांचं गिऱ्हाईक तेच आहे.

तपासा: रील टाकल्यावर दोन दिवसांनी लाइक बघू नका. किती जणांनी पाठवली, किती जणांनी सेव्ह केली आणि लिंकवरून किती संदेश आले, एवढंच वहीत उतरवा.

## पायरी 8: पैसे सर्वांत शेवटी

बूस्टला हात लावायचा तो पुणे पहिल्या क्रमांकावर आल्यावर आणि एखादी रील पैसे न घालता चांगली चालल्यावर. जी आपोआप चालली नाही तिला पैशाने चालवू नका.

प्रेक्षक निवडताना तयार पर्याय नको. स्वतः नवीन बनवा, ठिकाण म्हणून कर्वेनगर घ्या आणि भोवती डिलिव्हरी पोचते तेवढ्याच किलोमीटरचं वर्तुळ. उद्देश म्हणून 'संदेश' निवडा, प्रोफाइल भेटी नको. संकष्टीच्या चार दिवस आधी सुरू करून आदल्या दिवशी बंद. ताईंनी दिवसाला 150 रुपये, तीन दिवस, एवढंच घातलं. ऑर्डर बंद झाल्यावरही बूस्ट चालू राहिला तर लोक नकार ऐकायला येतात, तेव्हा संपण्याची तारीख आधीच टाका.

## चार संकष्ट्या थांबा

साफसफाई संपल्यानंतरच्या चार संकष्ट्यांना ताईंच्या इन्स्टाग्रामवरच्या ऑर्डरी 3, 6, 9 आणि 8. चौथ्या वेळी उतरल्या तेव्हा त्या जरा नाराज झाल्या. वही उघडली तर कारण दिसलं. ऑर्डर बंदची स्टोरी त्या वेळी एक दिवस आधीच टाकली होती, कारण हातून तेवढेच मोदक होणार होते. म्हणजे अडचण आता गिऱ्हाइकांची नव्हती, हातांची होती. त्यांनी पाकळ्या पाडायला एक मदतनीस बघितली आहे.

तुमच्या वहीत चार महिन्यांनीही आकडा हलला नसेल, तर कुठे अडलंय ते असं शोधा. रील पाठवली जात नाही, तर रील बदला. पाठवली जाते पण संदेश येत नाहीत, तर पाटी आणि लिंक तपासा. संदेश येतात पण ऑर्डर होत नाही, तर शेवटचे दहा संवाद वाचून काढा. बहुतेक वेळा भाव विचारल्यावर उत्तर चार तासांनी गेलेलं असतं. तेवढ्यात त्या काकूंनी खवणी काढून नारळ खवायला घेतलेला असतो.